हनोईचा मनोरा : चालींची संख्या आणि ६४ चकत्यांचा काळ

हनोईचा मनोरा हे तीन खुंट्या आणि मधोमध भोक असलेल्या लहानमोठ्या चकत्यांचे कोडे आहे. सुरुवातीला सर्व चकत्या एकाच खुंटीवर, सर्वांत मोठी तळाशी आणि सर्वांत लहान वर, अशा रचलेल्या असतात. हा मनोरा जसाच्या तसा दुसऱ्या ठरावीक खुंटीवर न्यायचा असतो. एका वेळी एकच, तीही सर्वांत वरची चकती उचलायची आणि मोठी चकती लहानीवर कधीही ठेवायची नाही, एवढेच नियम. चकत्या n असतील तर कमीत कमी 2ⁿ − 1 चाली लागतात. ६४ चकत्यांसाठी ही संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते.

कोडे फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्युका यांनी १८८३ मध्ये बाजारात आणले, ते ‘सयामचे एन. क्लॉस’ या टोपणनावाने. रोमन लिपीत ‘क्लॉस’ म्हणजे Claus ची अक्षरे फिरवली की ‘ल्युका’ म्हणजे Lucas मिळते. त्या खेळण्यात आठच चकत्या होत्या. ६४ हा आकडा त्याच्याभोवती रचलेल्या कथेतून आला. १८८४ मध्ये आंरी द पार्व्हिल यांनी ती अधिक रंगवून सांगितली: काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सळयांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवत असतात आणि काम संपेल तेव्हा जग संपेल. ही प्राचीन भारतीय आख्यायिका असल्याचे अनेक ठिकाणी लिहिले जाते, पण तिचा उगम काशीत नसून फ्रान्समध्ये आहे. तिने विचारलेला प्रश्न मात्र खरा आहे: काम संपायला वेळ किती लागेल?

चालींची संख्या मोजण्याची किल्ली तळाच्या चकतीत आहे. ती हलायची तर तिच्या डोक्यावर काही नको आणि ती जिथे जाणार ती खुंटी मोकळी हवी. म्हणजे त्या क्षणी उरलेल्या सर्व चकत्या तिसऱ्या खुंटीवर नीट रचलेल्या असल्याच पाहिजेत, दुसरी जागाच नाही. तेव्हा आधी एक चकती कमी असलेला मनोरा बाजूला न्यावा लागतो, मग तळाची चकती एकदा हलते आणि बाजूचा मनोरा पुन्हा तिच्यावर आणावा लागतो. n चकत्यांच्या चाली T(n) मानल्या, तर

```
T(1) = 1
T(n) = 2·T(n−1) + 1
```

यातून १, ३, ७, १५, ३१ अशी माळ मिळते. प्रत्येक संख्येत १ मिळवला की २, ४, ८, १६, ३२ दिसतात. 2ⁿ − 1 हे सूत्र तिथूनच येते. वरचा युक्तिवाद केवळ एक रीत सांगत नाही, तर याहून कमी चालींत काम होणारच नाही हेही सिद्ध करतो, कारण त्यातला कोणताही टप्पा टाळता येत नाही.

तीन चकत्यांवर हे हाताने करून पाहावे. खुंट्या क, ख, ग. मनोरा क वरून ग वर न्यायचा आहे. सर्वांत लहान चकती १. चाली अशा होतात: १ ग वर, २ ख वर, १ ख वर, ३ ग वर, १ क वर, २ ग वर, १ ग वर. एकूण सात. यात एक लय आहे. चकती १ एकाआड एक चालीत हलते आणि ती नेहमी एकाच दिशेने, क, ग, ख, पुन्हा क, अशी फिरते. मधल्या चालीत चकती १ सोडून जी एकच नियमात बसणारी चाल उरते, ती करायची. विचार करावा लागतो तो फक्त पहिल्या चालीपुरता. चकत्यांची संख्या विषम असेल तर चकती १ थेट मुक्कामाच्या खुंटीवर ठेवायची आणि सम असेल तर मधल्या मोकळ्या खुंटीवर. इथे चूक झाली आणि पुढे तीच लय पाळली, तर एकही नियम मोडत नाही, चालीही तेवढ्याच होतात. फक्त अखेरीस मनोरा चुकीच्या खुंटीवर उभा राहतो. चूक त्याआधीही ओळखता येते: तळाची चकती हलायची वेळ आली की वरचा मनोरा नेमका मुक्कामाच्या खुंटीवर बसलेला दिसतो. ६४ ही संख्या सम असल्याने तिथे पहिली चाल मोकळ्या खुंटीवर हवी.

आता काळ. दर सेकंदाला एक चाल, न थांबता आणि न चुकता, असे धरू. ८ चकत्यांच्या २५५ चालींना सव्वाचार मिनिटे लागतात. १६ चकत्यांना १८ तासांहून थोडे जास्त, ३२ चकत्यांना सुमारे १३६ वर्षे. ६४ चकत्यांना सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे. काही ठिकाणी ५८,४९४ कोटी हा आकडा आढळतो. तोही चूक नाही: त्यात वर्ष ३६५ दिवसांचे धरलेले असते, तर पहिल्यात ३६५.२५ दिवसांचे. दिवसाच्या त्या पाव भागाने एकूण ४० कोटी वर्षांचा फरक पडतो.

एवढा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही. तो कळतो तो एकेक चकती केव्हा हलते हे पाहिल्यावर. वरून k क्रमांकाची चकती पहिल्यांदा 2ᵏ⁻¹ व्या चालीत हलते. त्यामुळे ३० वी चकती जागची हलायला १७ वर्षे लागतात आणि ३२ व्या चकतीला ६८ वर्षे. जन्मापासून काम करणारा माणूस शंभर वर्षे जगला, तरी ३३ व्या चकतीला त्याचा हात लागणार नाही. मनोऱ्याचा खालचा अर्धा भाग त्याच्यासाठी निव्वळ जोता आहे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. काम विश्वाच्या आरंभी सुरू झाले असते, तर ५९ वी चकती सुमारे ९१३ कोटी वर्षांनी एकदा हलली असती आणि तळाच्या पाच चकत्या आजही मूळ जागी असत्या. सर्वांत मोठी चकती संपूर्ण कामात एकदाच हलते, बरोबर मध्यावर, म्हणजे सुमारे २९,२२७ कोटी वर्षांनी. तिच्या वरची दोनदा, त्यावरची चारदा. सर्वांत लहान चकतीच्या वाट्याला निम्म्या चाली येतात. ही १ + २ + ४ + … अशी ६४ पदांची बेरीज बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत जाण्याच्या प्रसिद्ध गोष्टीतलीच आहे, म्हणून दोन्हीकडे उत्तर एकच येते.

वेग वाढवूनही फारसे साधत नाही. सेकंदाला १०० कोटी चाली केल्या तरी ५८४ वर्षे लागतात आणि एकच चकती वाढवली की तो काळ पुन्हा दुप्पट होतो.

एक खुंटी वाढवली तर मात्र चित्र पालटते. चार खुंट्या असतील तर वरच्या ५४ चकत्या चारही खुंट्या वापरून ८,७०५ चालींत एका खुंटीवर नेता येतात. ती खुंटी बाजूला ठेवून तळाच्या १० चकत्या उरलेल्या तीन खुंट्यांवर 2¹⁰ − 1, म्हणजे १,०२३ चालींत हलतात आणि ५४ चकत्या पुन्हा ८,७०५ चालींत त्यांच्यावर येतात. एकूण १८,४३३ चाली. सेकंदाला एक या वेगाने ५ तास ७ मिनिटे १३ सेकंद. चार खुंट्यांसाठी याहून कमी चाली शक्य नाहीत, हे थिएरी बूश यांनी २०१४ मध्ये सिद्ध केले.