वाड्याचं रंगीत चित्र करून घेताना: जुना फोटो कापून पाठवू नका

पाडलेल्या घराचा जुना कृष्णधवल फोटो आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा मोबाइलवर, फक्त घर उरेल असा कापून. कडेची माणसं, रस्ता, शेजारचा अर्धवट ओटा सगळं गेलेलं. मग मूळ प्रिंट मागवण्यात आठवडे जातात.

घराच्या एकेका बाजूच्या जोत्याच्या आणि छपराच्या तिरक्या रेषा पुढे वाढवल्या की त्या एका बिंदूत मिळतात. ते बिंदू आणि फोटोचा मूळ मध्य यांवरून कॅमेरा कुठे उभा होता ते आम्ही काढतो. एक बाजू कापली की मध्य सरकतो, आणि ओसरी खरी होती त्यापेक्षा उथळ किंवा खोल येते.

अलीकडच्या एका कामात कापलेल्या कडेलाच दगडी पायरीवर आजी उभ्या होत्या. वाडा गेला तरी ती पायरी जागेवर होती. तिची उंची मोजली, आठ इंच भरली, आणि त्यावरून दाराची, खांबांची मापं लागली. शिवाय आजींचं कुंकू फोटोत काळंकुट्ट आलं होतं. म्हणजे प्लेट बहुधा ऑर्थोक्रोमॅटिक, जिला तांबडा रंग दिसत नाही: तांबडं काळं येतं, निळं फिकट. घरच्यांना दार आकाशी आठवत होतं, फोटोत मात्र ते गडद. आकाशी रंग नंतर कधीतरी लागला असणार. आम्ही दार तपकिरी केलं, पण त्यावर तिरप्या रेघा मारल्या. कारण तांबडा रंग, गेरू किंवा नुसतं तेल दिलेलं सागवान, अशा प्लेटवर तिन्ही जवळपास सारखीच दिसतात.

या रेघा काढून टाका, असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. आमच्या चित्रात भरीव रंग म्हणजे पुरावा आहे, रेघा म्हणजे तर्क, आणि कोरा करडा भाग म्हणजे काहीच हाती नाही. फोटो समोरून असेल तर मागचा चौक करडाच राहतो. भिंतीवर लावायला बिनरेघांची प्रत देतो, पण तिच्या खालच्या पट्टीत काय अंदाजाने केलंय ते छापूनच. नाहीतर नातवंडं तपकिरी दार खरं धरून चालतील. पुढे जुनी चौकट, रंगाचा पोपडा किंवा दुसरा फोटो सापडला, तर तेवढा भाग आम्ही वेगळे पैसे न घेता सुधारून देतो.

स्कॅन घरी करणार असाल तर फोटो कृष्णधवल असला तरी कलर मोडमध्ये, 600 डीपीआयवर, चारही कडा आणि मागची बाजू धरून करा. रंगीत स्कॅनमध्ये पिवळे डाग वेगळे काढता येतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्रेम उघडायची भीती वाटत असेल तर तशीच घेऊन या. आम्ही तुमच्यासमोर उघडून, स्कॅन करून पुन्हा बसवून देतो. काम आमच्याकडे दिलंत तर त्याचे पैसे नाहीत.