दोन लाटा, दिसायला सारख्या

लातूर भागातल्या एका साखर कारखान्यात ज्यूस हीटरचा लूप ट्यून करताना मी फसलो होतो. सेटपॉइंट ७० अंश, ट्रान्समीटर ० ते १०० अंशांचा, वाफेचा व्हॉल्व्ह साधारण निम्मा उघडा. पद्धत झीग्लर आणि निकोल्स यांची, १९४२ ची. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद ठेवायचे, गेन हळूहळू वाढवायचा आणि तापमान एकाच उंचीच्या लाटांत डोलू लागलं की तो गेन Ku म्हणून आणि एका लाटेचा वेळ Pu म्हणून टिपून घ्यायचा.

गेन १२ वर छान एकसारख्या लाटा आल्या, एकेक ६० सेकंदांची. मी १२ लिहून मोकळा झालो. पण तापमान साडेसात अंश वर आणि तितकंच खाली जात होतं. म्हणजे १२ च्या गेनने कंट्रोलर दोन्ही बाजूंना ९० टक्के हालचाल मागत होता आणि व्हॉल्व्हकडे दोन्ही बाजूंना ५० च टक्के होते. लाट खरं तर वाढत चालली होती, व्हॉल्व्ह दोन्ही टोकांना आपटत असल्यामुळे तिथेच अडली.

खरी लाट गेन ८ वर होती. तापमान दोन अंश डोलायचं, व्हॉल्व्ह १६ टक्के, कुठेही न आपटता. गंमत अशी की वेळ तिथेही ६० सेकंदच, त्यामुळे घड्याळावरून फरक कळत नाही. तापमानाचा नाही, आउटपुटचा ट्रेंड बघा: खोट्या लाटेचा माथा आणि तळ सपाट छाटलेला असतो. शंका आली तर गेन जरा उतरवून पाहा. ८ वरून ७ केला की खरी लाट विरत जाते. १२ वरून ११ केला तर खोटी फक्त बुटकी होते, थांबत नाही.

या चुकीने पीआयचा गेन 0.45 × Ku प्रमाणे ३.६ ऐवजी ५.४ निघतो. पण खरं सांगायचं तर ३.६ सुद्धा तापटच. या सूत्रांचं उद्दिष्टच असं की पुढची लाट आधीच्या लाटेच्या पावपट असावी: आठ अंश, मग दोन, मग अर्धा. व्हॉल्व्हला तेवढे हेलकावे खावेच लागतात. शिवाय गेनला साधारण दुपटीचीच मोकळीक उरते. ऊस कमी आला, मिल मंदावली, रसाचा प्रवाह निम्मा झाला की तेवढ्याच वाफेने रस जास्त तापतो आणि सेन्सरपर्यंत उशिरा पोचतो. मग Ku स्वतःच खाली येतो आणि सकाळी नीट चाललेला लूप रात्री डोलायला लागतो.

म्हणून मी शेवटी टायरस आणि लुबेन यांचे आकडे घातले: गेन Ku / 3.2, म्हणजे २.५, आणि इंटिग्रलचा वेळ 2.2 × Pu, म्हणजे झीग्लर-निकोल्सच्या ५० ऐवजी १३२ सेकंद. आता प्रवाह बदलला की तापमान सेटपॉइंटवर यायला जास्त वेळ लागतो, पण व्हॉल्व्ह शांत असतो.