पुढच्या वर्षीच्या गणपतीचं विमान आज का दिसत नाही?

2027 मध्ये गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला, शनिवारी आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने 1 सप्टेंबरला मुंबईला निघायचं आणि 18 तारखेला परतायचं असं ठरवलं, रजाही टाकली आणि 2026 च्या ऑगस्टमध्येच तिकीट शोधायला घेतलं, तर पडद्यावर एकही विमान दिसणार नाही. जागा संपलेल्या नसतात, त्या तारखेची विक्रीच सुरू झालेली नसते. एकाच कंपनीची विमानं दिसत नसतील तर कारण वेगळं असू शकतं. पण त्या मार्गावरच्या सगळ्याच कंपन्या गायब असतील आणि तारीख अकरा-बारा महिने लांब असेल, तर ती अजून उघडलेली नाही असं खुशाल समजावं.

प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते. अमेरिकन एअरलाइन्स आणि डेल्टा साधारण 331 दिवस आधी विक्री उघडतात, युनायटेड 337, तर ब्रिटिश एअरवेज 355 दिवस आधी. रोज एक जुना दिवस मागे पडतो आणि पुढचा एक नवा दिवस उघडतो. साउथवेस्टसारख्या काही कंपन्या मात्र काही महिन्यांचं वेळापत्रक एकदमच उघडतात, तिथे दिवस मोजून उपयोग नाही.

पण वर्षाच्या आतच का थांबायचं? याचं मूळ 1960 च्या दशकात सुरू झालेल्या संगणकीय आरक्षणात आहे. तेव्हा साठवणुकीची जागा फार महाग होती, म्हणून तारखेत फक्त दिवस आणि महिना लिहायची पद्धत पडली. ट्रॅव्हल एजंट आजही अमॅडियस प्रणालीत लंडन-मुंबई विमानं शोधताना असं टाइप करतात:

```
AN01SEPLONBOM
```

यात वर्ष कुठेच नाही. 01SEP म्हणजे येणारा 1 सप्टेंबर, असं प्रणाली धरून चालते. वर्षापलीकडची विक्री सुरू केली तर एकाच 01SEP चे दोन अर्थ होतील. शिवाय नुकत्याच उडून गेलेल्या विमानांच्या नोंदीही काही दिवस हाताशी लागतात. म्हणून मर्यादा 365 च्या थोडी अलीकडेच राहते. तिकिटाचा नियमही याला जुळणारा आहे: सर्वसाधारण तिकिटावरचा प्रवास ते काढल्यापासून वर्षभरात सुरू व्हावा लागतो.

आता आपल्या कुटुंबाचा हिशेब करू. ब्रिटिश एअरवेजचे 355 दिवस धरले, तर 1 सप्टेंबर 2027 ची विक्री 11 सप्टेंबर 2026 ला उघडेल. परतीची 18 सप्टेंबर ही तारीख मात्र 28 सप्टेंबर 2026 ला. म्हणजे जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट 28 तारखेआधी निघूच शकत नाही. पुष्कळजण 11 तारखेला फक्त जाण्याचं तिकीट घेऊन टाकतात, पण लांबच्या मार्गांवर एकेरी भाडं अनेकदा दुहेरीच्या निम्म्यापेक्षा बरंच जास्त असतं. ते सतरा दिवस थांबलेलं बरं. पहिल्या दिवशीचं भाडं सर्वांत कमी असतं, ही समजूतही सोडून द्यावी. त्या वेळी मागणीचा अंदाज कच्चा असतो आणि स्वस्त जागा कंपनी हात राखूनच सोडते.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. विमान कंपन्यांचं वर्ष दोन हंगामांचं असतं: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. 2027 चा उन्हाळी हंगाम 28 मार्च ते 30 ऑक्टोबर आहे. हीथ्रो आणि मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळांवर उतरायची-उडायची ठरावीक वेळ, म्हणजे स्लॉट, हंगामागणिक मागून घ्यावा लागतो. उन्हाळी हंगामाचे अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुमारास जातात आणि नोव्हेंबरमधल्या जागतिक स्लॉट परिषदेत देवाणघेवाण होते. म्हणजे आपल्या कुटुंबाने सप्टेंबरअखेर तिकीट काढलं, तेव्हा त्या विमानाच्या स्लॉटचं वाटपही झालेलं नसतं!

मग कंपनी विकते काय? बहुतांशी यंदाचंच वेळापत्रक पुढच्या वर्षाच्या तारखांवर चढवलेलं असतं. ते अगदीच हवेतलं नसतं, कारण मिळालेले स्लॉट हंगामात निदान 80 टक्के वापरले तर पुढच्या वर्षी त्यांवर आधीचा हक्क राहतो. पण विमानाचा प्रकार, निघायची वेळ, आठवड्यातले वार यांत बदल होऊ शकतो. नवा मार्ग किंवा वाढीव फेरी असेल तर ती या पहिल्या यादीत बहुधा नसतेच.

म्हणून इतक्या आधी काढलेलं तिकीट जानेवारी ते मार्चदरम्यान पुन्हा उघडून वेळा तपासाव्यात, मुंबईहून पुढे वेगळं तिकीट काढलं असेल तर आवर्जून. मुंबईत विमान दोन तास उशिरा उतरू लागलं आणि पुढचं कोल्हापूरचं विमान वेगळ्या तिकिटावर असलं, तर ते चुकण्याची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर नवी जोडणी शोधून देणं कंपनीचं काम असतं.