चार भिंतींतलं बोलणं आणि कायद्यातला एक शब्द

१९४४ साली जर्मन सैन्यातला एक सैनिक रजेवर घरी आला होता. २० जुलैला हिटलरला बॉम्बने मारायचा कट फसला होता आणि देशात तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. पण घरात, बायकोसमोर, माणूस मनातलं बोलतो. हिटलर त्या स्फोटात वाचला हे वाईटच झालं, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून गेला. तो कामावर परतल्यावर बायकोने हे बोलणं नाझी अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं. नवरा दूर असताना तिचं मन दुसरीकडे वळलं होतं आणि तिला हा नवरा नको होता. लष्करी न्यायालयात ती साक्षीलाही उभी राहिली. नवऱ्याला फाशीची शिक्षा झाली. ती अमलात आली नाही. काही काळ तुरुंगात ठेवून त्याला पुन्हा आघाडीवर धाडलं गेलं.

युद्ध संपलं, नाझी राजवट गेली, आणि १९४९ साली ही बाई स्वतः आरोपी म्हणून उभी राहिली. आरोप होता १८७१ पासून चालत आलेल्या जर्मन दंडसंहितेतल्या २३९ व्या कलमाखाली, एखाद्याचं स्वातंत्र्य बेकायदा हिरावून घेतल्याचा. तिचा बचाव साधा होता. मी जे केलं ते तेव्हाच्या कायद्यात बसत होतं. कायद्याने जो गुन्हा ठरवला होता त्याची मी खबर दिली. यात बेकायदा काय?

ती वाईट वागली याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. खरा प्रश्न होता तो हा, की नवऱ्याला ज्याच्या आधारे फाशी सुनावली, तो 'कायदा' होता का?

याची दोन उत्तरं फार जुनी आहेत. एक म्हणतं, अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे. राज्यकर्त्याच्या हुकमाच्या वर न्यायाची एक पातळी असते आणि तिच्याशी उघड वैर धरणारा हुकूम कायद्याच्या नावाला पात्र नाही. हा नैसर्गिक कायद्याचा विचार. दुसरं उत्तर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम आणि जॉन ऑस्टिन यांनी ठामपणे मांडलं. एखादा कायदा अस्तित्वात आहे की नाही, हा एक प्रश्न. तो चांगला की वाईट, हा वेगळा प्रश्न. कायदा कुणी केला, कोणत्या रीतीने केला, न्यायालयं तो मानतात का, एवढं पाहून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. याला लीगल पॉझिटिव्हिझम म्हणतात. हे लोक नीतीला कमी लेखतात असा गैरसमज सर्रास आढळतो, पण बेंथमने आपलं आयुष्य आपल्याच देशातले कायदे झोडपण्यात घालवलं. कायदा 'आहे' असं म्हणणं म्हणजे तो 'पाळावा' असं म्हणणं नव्हे, हाच त्याचा मुद्दा होता.

जर्मनीत युद्धानंतर पहिल्या उत्तराला जोर आला, आणि तो आणणारा माणूस महत्त्वाचा होता. गुस्टाव राडब्रुख हे नाझींच्या आधीच्या जर्मनीचे, म्हणजे वायमार प्रजासत्ताकाचे, माजी न्यायमंत्री, हायडेलबर्गचे प्राध्यापक. १९३३ साली नाझींनी त्यांना पदावरून काढलं होतं. १९४६ साली त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: कायदा अन्यायी असला तरी साधारणपणे तोच लागू करावा, कारण लोकांना नियमांची खात्री लागते. पण अन्याय असह्य टोकाला गेला, तर त्या कायद्याने न्यायापुढे माघार घ्यावी. आणि जिथे न्याय करायचा हेतूच नाही, माणसामाणसातली समानता जाणूनबुजून नाकारली आहे, तिथे तो 'सदोष कायदा'ही नव्हे; त्यात कायद्याचा गुणच नाही. 'कायदा तो कायदा' या शिकवणीने जर्मन वकील-न्यायाधीशांना नाझींपुढे निःशस्त्र केलं, असा त्यांचा आरोप होता.

ऑक्सफर्डचे कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांना हे पटलं नाही. १९५७ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी याच बाईचा खटला घेतला. ते पुढच्या वर्षी छापून आलं. हार्ट स्वतः ज्यू कुटुंबातले, युद्धकाळात ब्रिटिश गुप्तचर खात्यात काम केलेले, तेव्हा नाझींबद्दल त्यांच्या मनात मऊ कोपरा असायचा प्रश्नच नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की 'तो कायदाच नव्हता' असं म्हणून आपण एक अवघड निवड दडवून टाकतो. या बाईला शिक्षा द्यायची तर करताना जो गुन्हा नव्हता त्यासाठी शिक्षा द्यावी लागते, आणि तेही वाईटच आहे. मग सरळ पूर्वलक्षी प्रभावाने नवा कायदा करा. दोन वाइटांपैकी कमी वाईट आपण निवडतो आहोत हे जगाला दिसू द्या. नाहीतर तिला सोडून द्या. पण जुना कायदा नव्हताच, अशी समजूत करून घेऊ नका. आणि नागरिकाने जुलमी कायद्यासमोर उभं राहताना काय म्हणावं? 'हा कायदा आहे, पण इतका दुष्ट आहे की मी पाळणार नाही.' हे वाक्य हार्टना जास्त स्वच्छ वाटत होतं. मलाही वाटतं.

पण हार्वर्डचेच कायद्याचे प्राध्यापक लॉन फुलर यांनी जे उत्तर दिलं, त्यातला एक भाग मला या सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा वाटतो. वकिलाने करावं तेच त्यांनी केलं, म्हणजे मूळ कायद्याचा मजकूर उघडून वाचला.

नवऱ्याविरुद्ध दोन नाझी कायदे लागू होण्यासारखे होते. १९३४ चा कायदा नेत्यांविरुद्ध द्वेषपूर्ण विधानं 'जाहीरपणे' करणाऱ्याला शिक्षा देत होता, आणि ती होती कैदेची. खाजगीत बोललेलं केव्हा चालणार नाही? आपलं बोलणं लोकांपर्यंत जाईल हे बोलणाऱ्याला कळत होतं किंवा कळायला हवं होतं तेव्हा. फाशी होती ती १९३८ च्या युद्धकालीन हुकमात: जर्मन जनतेची लढण्याची इच्छा 'जाहीरपणे' खच्ची करू पाहणाऱ्याला. आता विचार करा. नवरा घरात, बायकोजवळ बोलतो. हे 'जाहीर' कसं झालं? तर बायकोने जाऊन सांगितलं म्हणून. ज्या शब्दाने शिक्षेला सीमा घातली होती तो शब्दच न्यायालयांनी पुसून टाकला.

फुलर यांचा निष्कर्ष असा की नाझींकडे 'दुष्ट पण खराखुरा कायदा' होता हे गृहीत धरायलाच जागा नाही. कायदा म्हणवून घ्यायला काही किमान अटी लागतात: नियम जाहीर असावेत, कळण्यासारखे असावेत, आधी सांगितलेले असावेत, आणि अधिकाऱ्यांनी स्वतःच लिहिलेले नियम स्वतः पाळावेत. याला ते कायद्याची अंतर्गत नीती म्हणत. १९३४ च्या जून-जुलैत तीन दिवसांत हिटलरने आपल्याच पक्षातल्या आणि बाहेरच्या अनेकांना ठार मारवलं, आणि ३ जुलैला एका वाक्याचा कायदा करून त्या तीन दिवसांतली कृत्यं राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा उपाय म्हणून कायदेशीर ठरवली. खून आधी, कायदा नंतर. तिथे 'कायदा तो कायदा' म्हणायला मुळात काय उरलं होतं?

तरी फुलर यांच्या म्हणण्याला एक मर्यादा आहे. नियम आधीच जाहीर करून, स्वच्छ भाषेत, सगळ्यांना सारखा लावून अन्याय करणारी राजवट असू शकते. मजकुराशी प्रामाणिक राहून क्रूर होता येतं. अंतर्गत नीती जुलमाची वाट अवघड करते, बंद करत नाही.

दुसरी एक गोष्ट नैसर्गिक कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना अडचणीची आहे. १९३५ साली नाझींनी दंडसंहितेत बदल केला: एखादं कृत्य कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं नसलं, तरी जनतेच्या 'निकोप भावने'नुसार ते शिक्षेला पात्र असेल तर शिक्षा द्यावी. म्हणजे कायदा आणि नीती यांची सांगड नाझींनीही घातली होती. फक्त नीती त्यांची होती. लिखित शब्दाला चिकटून राहणारा न्यायाधीश तिथे आरोपीच्या उपयोगी पडला असता. राडब्रुख यांचा आरोप म्हणून अर्धाच खरा वाटतो.

आणि त्या बाईच्या खटल्याचं? इथे एक गंमतीची नव्हे, जपून वाचायला शिकवणारी गोष्ट घडली. १९५१ साली अमेरिकेत या निकालाचा सारांश छापून आला. त्यात म्हटलं होतं की सज्जन माणसांच्या सदसद्विवेकाला आणि न्यायबुद्धीला न पटणारा नाझी कायदा तिने स्वखुशीने वापरला, म्हणून ती दोषी. हार्ट आणि फुलर दोघेही या सारांशावर विसंबले. १९६० साली एच. ओ. पापे या अभ्यासकाने मूळ निकाल तपासून दाखवलं की बाईचा खटला ऐकणाऱ्या बाम्बेर्गच्या न्यायालयाने नाझी कायदा रद्दबातल मानलाच नव्हता. नवऱ्याला शिक्षा देणारा न्यायाधीश कायद्यानुसार वागला म्हणून सुटला. बाई दोषी ठरली, कारण खबर द्यायला तिला कुठलाही कायदा भाग पाडत नव्हता, आणि नवऱ्याचा काटा काढायला तिने न्यायालय हत्यारासारखं वापरलं. हार्टनी पुढे आपल्या पुस्तकात ही दुरुस्ती नोंदवली. ज्यावरून वाद पेटला तो खटला निघाला वेगळाच, पण त्याने उभा केलेला प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न आपल्याकडे १९७६ साली आला. आणीबाणीत संविधानातल्या कलम १४, २१ आणि २२ साठी, म्हणजे समानता, जीवित-स्वातंत्र्य आणि अटकेतलं संरक्षण यांसाठी, न्यायालयात जायचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने थांबवला होता. खटल्याविना डांबून ठेवू देणाऱ्या 'मिसा' कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांना तरीही दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. सर्वोच्च न्यायालयात न्या. एच. आर. खन्ना यांनी सरकारच्या ॲटर्नी जनरलना विचारलं: पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला ठार मारलं तर? आणीबाणी आहे तोवर उपाय नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिलला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. बहुमतात मूळचे पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात होते.

खन्ना यांनी 'हा आदेश कायदाच नाही' असं म्हटलं नाही, हे मला विशेष वाटतं. त्यांनी मजकूर वाचला. जगण्याचा हक्क कलम २१ ने जन्माला घातलेला नाही, म्हणाले. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचाही जीव घ्यायचा अधिकार सरकारला नाही, हे तत्त्व संविधानाच्या आधीपासूनचं आहे आणि कलम थांबवल्याने ते थांबत नाही. हे नैसर्गिक कायद्यासारखं ऐकू येतं, पण प्रत्यक्षात ती चालू कायद्याच्या अर्थाबद्दलची तक्रार होती, फुलर यांनी 'जाहीरपणे' या शब्दाबद्दल केली तशी. १९७८ साली ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत असं लिहून ठेवलं. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला; तो भाग लिहिणाऱ्या न्या. धनंजय चंद्रचूड यांचे वडील १९७६ च्या बहुमतात होते.

जर्मनीने आपला हिशेब १९९८ साली केला. त्या वर्षी संसदेने कायदा करून, ३० जानेवारी १९३३ नंतर नाझी राजवट टिकवण्यासाठी राजकीय, लष्करी, वांशिक, धार्मिक किंवा वैचारिक कारणांनी दिलेल्या आणि न्यायाच्या मूलभूत कल्पनांविरुद्ध जाणाऱ्या फौजदारी शिक्षा रद्द केल्या. 'न्यायाच्या मूलभूत कल्पना' हे शब्द राडब्रुख यांच्या तोंडी शोभावेत असे आहेत. पण त्या शिक्षा मुळात नव्हत्याच, असं म्हणून संसद थांबली नाही. त्या होत्या, आणि आता कायद्याने रद्द होत आहेत, असं तिने नोंदवलं. हार्टना हीच रीत हवी होती.