घटत्या भाराची सरासरी (गुणांकन)

विद्यार्थ्याच्या चाचण्यांची सरासरी काढताना अलीकडच्या चाचणीला जास्त आणि जुन्या चाचणीला उत्तरोत्तर कमी भार देण्याची पद्धत. भारित चलसरासरीचा हा एक प्रकार असून संख्याशास्त्रात तो ‘घातांकी सरासरी’ म्हणून ओळखला जातो. मागणीच्या अंदाजासाठी रॉबर्ट ब्राउन आणि चार्ल्स होल्ट यांनी १९५०च्या दशकात ही रीत मांडली. वर्गात ती मुख्यतः अमेरिकेतील कौशल्यनिहाय गुणांकनाबरोबर आली. ‘कॅनव्हास’ या शालेय संगणकप्रणालीत शेवटच्या निकालाला ६५ टक्के भार देण्याची सोय आहे. महाराष्ट्रातील शाळांत आकारिक मूल्यमापन वर्षभर चालते, पण गुणांची बेरीज करताना जूनमधली चाचणी आणि फेब्रुवारीतली चाचणी सहसा एकाच तागडीत तोलली जातात.

एक मुलगी अपूर्णांकांची बेरीज शिकते आहे. २० गुणांच्या पाच चाचण्यांत तिला अनुक्रमे ६, ८, ११, १५ आणि १७ गुण पडले. साधी सरासरी ११.४ येते. दुसऱ्या एका मुलाला हेच गुण उलट क्रमाने, म्हणजे १७ पासून ६ पर्यंत घसरत पडले, तरी त्याचीही सरासरी ११.४ च. एकीला छेद समान करणे आता जमू लागले आहे, दुसऱ्याचे काहीतरी बिनसले आहे, आणि प्रगतिपुस्तकावर मात्र दोघांचा आकडा एक. साध्या सरासरीला क्रम दिसतच नाही, म्हणून भार लावायचा.

प्रत्येक चाचणीनंतर एकच ओळ मांडावी लागते:

नवी सरासरी = ०.४ × नवे गुण + ०.६ × आधीची सरासरी

मुलीची सुरुवात ६ पासून. दुसऱ्या चाचणीनंतर ६.८, मग ८.४८, ११.०९ आणि शेवटी १३.४५. शिक्षकाला जुने सगळे गुण जवळ ठेवावे लागत नाहीत, मागचा एक आकडा पुरतो.

मात्र या सोप्या मांडणीत एक खोट आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पाचव्या चाचणीला ०.४ भार मिळतो, चौथीला ०.२४, तिसरीला ०.१४४ आणि दुसरीला ०.०८६. पहिलीला याहून कमी मिळायला हवा, पण तिला मिळतो ०.१३. कारण सुरुवातीचा आकडा ०.४ ने न गुणता जसाच्या तसा घेतलेला असतो. सगळ्यात जुनी चाचणी, जिचा प्रभाव कमी करण्यासाठी हा खटाटोप केला, तीच दुसरीपेक्षा वरचढ ठरते. पन्नास चाचण्या असतील तर हा दोष विरून जातो, पण शाळेत त्या पाच-सहाच असतात. उपाय असा: पहिल्या चाचणीलाही ०.४ ने गुणून सगळे भार ओळीने ०.६ पटीने घटते ठेवायचे आणि येणाऱ्या बेरजेला भारांच्या बेरजेने, इथे ०.९२२ ने, भागायचे. मग मुलीची सरासरी १४.०८ येते आणि घसरणाऱ्या मुलाची ८.७६. ११.४ या एका आकड्यामागे लपलेला फरक आता उघड दिसतो.

तरीही १४.०८ हे १७ पेक्षा कमीच आहे. सतत वर जाणाऱ्या मुलाच्या मागे ही सरासरी नेहमी दोन पावले राहते. भार वाढवला तर ती जवळ येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. भार ०.४ असताना आकड्याची स्थिरता साधारण चार चाचण्यांच्या साध्या सरासरीइतकी असते, ०.६५ केला की जेमतेम दोन चाचण्यांइतकी. मग एखाद्या दिवशीचा ताप किंवा एक सोपी प्रश्नपत्रिका सगळे चित्र पालटू शकते. वर्षात पाच-सहा चाचण्या घेणाऱ्या वर्गासाठी ०.३ ते ०.४ हा भार मला रास्त वाटतो.

एक अट मात्र पाळलीच पाहिजे: सगळ्या चाचण्या एकाच कौशल्याच्या आणि साधारण सारख्या काठिण्याच्या हव्यात. जूनमध्ये अपूर्णांक आणि जानेवारीत भूमिती असेल, तर नंतरच्या चाचणीला जास्त भार देणे म्हणजे भूमितीला जास्त महत्त्व देणे, त्यात सुधारणेचा काही संबंध नाही. शेवटची प्रश्नपत्रिका सोपी निघाली का, हे ओळखायला वर्गाची एकूण सरासरी पाहावी. सगळा वर्गच एकदम तीन-चार गुणांनी वर सरकला असेल, तर आधी प्रश्नपत्रिका तपासावी.

सर्वांत मोठा घोटाळा गैरहजेरीने होतो. वरच्या एका ओळीच्या सोप्या मांडणीने १३.४५ वर पोहोचलेल्या मुलीच्या सहाव्या चाचणीच्या रकान्यात गैरहजर म्हणून शून्य भरले, तर सरासरी एका फटक्यात ८.०७ होते. साध्या सरासरीत ती ९.५ राहिली असती. म्हणजे जी पद्धत तिच्या बाजूची, तीच तिला जास्त खाली खेचते. अशा वेळी तो रकाना मोकळा सोडून १३.४५ हाच आकडा पुढच्या चाचणीपर्यंत न्यावा.