पांढरी आणि तपकिरी मेद ऊती : स्लाइडच्या जोडीसोबतचे माहितीपत्रक

लातूर, नांदेड व परभणी परिसरातील महाविद्यालयांना आम्ही पुरवत असलेल्या या जोडीतील दोन्ही छेद प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराचे असून, एक पोटातील पांढऱ्या मेदाचा आणि दुसरा दोन खांद्यांच्या मधल्या तपकिरी मेदाचा आहे. दोन्हींना हिमॅटॉक्सिलिन व इओसिन हे नेहमीचे रंग दिलेले आहेत.

पांढऱ्या मेदाच्या पेशी रिकाम्या दिसतात म्हणून स्लाइड खराब आहे, असे कृपया समजू नये. या पेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो आणि पॅराफिनचा ब्लॉक तयार करताना अल्कोहोल व झायलीनमध्ये तो विरघळून जातो. मागे उरते ती पेशीद्रवाची बारीक कड आणि तिला चिकटून चपटे झालेले केंद्रक. हे केंद्रकही बहुतेक पेशींत दिसत नाही. ८० मायक्रोमीटर रुंदीच्या पेशीतून ५ मायक्रोमीटर जाडीचे सुमारे सोळा छेद निघतात आणि केंद्रक त्यांपैकी एखाद-दुसऱ्यातच सापडते, त्यामुळे विद्यार्थ्यांना ते शोधायला सांगताना पुरेसा वेळ द्यावा. मेद प्रत्यक्ष दाखवायचा असल्यास गोठवून कापलेला आणि सुदान रंग दिलेला छेद वेगळा मागवावा.

तपकिरी मेदाच्या पेशी लहान असतात. त्यांत अनेक बारीक थेंब विखुरलेले असल्याने पेशीद्रव जाळीदार दिसते आणि केंद्रक गोलसर असून कडेला दाबलेले नसते. या ऊतीचा रंग भरपूर तंतुकणिकांतील सायटोक्रोमांमुळे व दाट केशवाहिन्यांमुळे येतो. पांढरा मेद ऊर्जा साठवतो. तपकिरी मेदातील तंतुकणिकांत मात्र यूसीपी-१ हे प्रथिन असल्यामुळे ऊर्जेचे एटीपी न बनता थेट उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही, म्हणून त्याच्या मानेत, खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती हा मेद असतो. प्रौढांत तो कमी होतो, तरी गळ्याच्या हाडाच्या वर तो कार्यरत राहू शकतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. पांढरा मेद मात्र त्वचेखाली आणि पोटातील अवयवांभोवती सर्वत्र आढळतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक अडचण हमखास येते. उंदीर दीर्घकाळ उबदार जागेत राहिला, तर उष्णता निर्माण करण्याची गरज कमी होऊन तपकिरी पेशींतले थेंब एकत्र येतात आणि छेद पांढऱ्या मेदासारखा दिसू लागतो. त्यामुळे मे महिन्यात स्वतः छेद तयार करणाऱ्या महाविद्यालयांनी केवळ थेंबांच्या संख्येवर निष्कर्ष काढू नये. अशा वेळी ४० पटीच्या भिंगाखाली मोठ्या पोकळ्यांच्या मधली जागा तपासावी : तिथे केशवाहिन्या दाट असतील आणि काही पेशींत तरी जाळीदार, गुलाबी पेशीद्रव शिल्लक असेल, तर ऊती मुळात तपकिरी आहे असे मानण्यास आधार मिळतो. तरीही शंका उरल्यास यूसीपी-१ साठीची प्रतिपिंड-रंजन चाचणीच निर्णायक ठरते.