सबटायटलला वेळ लावण्याचं काम यंत्राकडे कसं गेलं

सबटायटल करताना मजकूर हाती असला तरी अर्धं काम उरतंच. कोणती ओळ कधी दिसायची आणि कधी जायची, हे पूर्वी माणूस आवाज मागेपुढे करत ठरवायचा. ते यंत्रावर सोपवण्याच्या पद्धतीला फोर्स्ड अलाइनमेंट म्हणतात.

तिचं मूळ दूरसंचारात आहे. गोंगाटातून आलेल्या संदेशाचा सर्वांत संभाव्य मूळ क्रम शोधण्याची रीत अँड्र्यू व्हिटर्बी यांनी 1967 साली मांडली. सत्तरच्या दशकात आयबीएम आणि कार्नेगी मेलन इथल्या संशोधकांनी बोलणं ओळखण्यासाठी सांख्यिकी मॉडेल वापरायला सुरुवात केली, तेव्हा हीच रीत तिथे उपयोगी पडली. आवाजाचे 10 मिलिसेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा कोणत्या ध्वनीचा, हे ठरवायचं. शब्द आधीच माहीत असतील तर काम आणखी सोपं होतं, कारण क्रम ठरलेला असतो आणि फक्त सीमा शोधायच्या उरतात.

पण तासाभराच्या आवाजावर ही रीत अडायची. गणित फार मोठं व्हायचं आणि एका ठिकाणी पाय घसरला की पुढचं सगळं सरकायचं. 1998 मध्ये पेद्रो मोरेनो आणि सहकाऱ्यांनी यावर सुरेख तोड काढली. आधी पूर्ण आवाज कच्चा ओळखून घ्यायचा, दिलेल्या मजकुराशी सलग काही शब्द जुळतात त्या जागा पक्क्या धरायच्या आणि मधले तुकडे पुन्हा तसेच सोडवायचे. चूक त्या तुकड्याबाहेर जात नाही. माझ्या मते सबटायटलसाठी खरं वळण हेच. 2009 मध्ये यूट्यूबने, सुरुवातीला फक्त इंग्रजीसाठी, नुसता मजकूर चढवून वेळ आपोआप लावून घेण्याची सोय दिली. त्यामागे केन हॅरेन्स्टीन हे स्वतः बहिरे असलेले अभियंते होते.

पद्धतीच्या नावातला ‘फोर्स्ड’ मात्र अक्षरशः खरा आहे. मजकुरातला प्रत्येक शब्द कुठेतरी बसवावाच लागतो, वक्त्याने तो उच्चारला नसला तरी. समजा, लिहिलंय ‘आज सायंकाळी सहा वाजता’ आणि वक्ता ‘सायंकाळी’ गाळून गेला. जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये प्रत्येक ध्वनीला किमान तीन तुकडे, म्हणजे 30 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे नऊ ध्वनींचा हा शब्द असा चेपून बसतो:

```
41
00:03:12,480 --> 00:03:12,750
सायंकाळी
```

एवढ्या वेळात हा शब्द कुणी बोलत नाही. म्हणून तपासताना आधी असे अतितोकडे शब्द शोधावेत.

मराठीसाठी 2015 च्या सुमारास आलेल्या aeneas या मुक्त साधनाने वेगळी वाट दिली. ते मजकूर eSpeak NG च्या कृत्रिम आवाजात वाचून घेतं आणि तो आवाज खऱ्या आवाजाशी ताणून-आवळून जुळवतं. त्यामुळे मराठी ध्वनींचं वेगळं मॉडेल शिकवावं लागत नाही. शब्दागणिक वेळ त्यातून नेमकी मिळत नाही, ओळींची मात्र मिळते. फक्त मजकूर बोलल्याप्रमाणे हवा. वक्ता ‘अडीच हजार’ म्हणाला असेल तर 2500 असं लिहू नये. कृत्रिम आवाज ‘दोन हजार पाचशे’ वाचतो आणि ती ओळ पुढेमागे सरकते.